पर्यायी सर

सरांचं खरं नाव मी सांगणार नाही. खामगावात ते सांगायची गरजही पडत नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवत होते तेव्हाच पोरांनी त्यांना 'पर्यायी सर' करून टाकलं, कारण कोणीही इंग्रजी शब्द उच्चारला की सरांचा उजवा हात वर जायचा आणि वाक्य यायचं, "याला पर्याय आहे." पोरं बिचारी लघवीला जायची परवानगी मागत असली तरी आधी पर्याय ऐकून घ्यावा लागे.

माझं बसस्टँडजवळ डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, जिनिंगवाल्यांची बिलबुकं आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं, असा धंदा. सर निवृत्त झाल्यापासून रोज अकराला येतात. पिशवीत परिभाषेचे दोन कोश, एक चष्मा, दुसरा चष्मा पहिला शोधायला, आणि लाल पेन. आधी दम खातात, मग माझ्या स्क्रीनकडे बघतात आणि म्हणतात, "हे 'रिसेप्शन' काढ. स्वागतसमारंभ." मी म्हणतो, सर, नवरीच्या बापानं पैसे दिलेत. सर म्हणतात, "पैसे त्यांनी दिले, भाषा काय त्यांनी विकत घेतली?" एवढं बोलून चहा घेतात. चहा हा शब्द चीनमधून आलेला आहे हे मी त्यांना एकदा ऐकवलं, तर शांतपणे म्हणाले, "तो आला तेव्हा मी नव्हतो."

पण सरांना नुसतं शुद्धीवेडं समजलात तर फसाल. बादली, चावी, घमेलं हे सगळे पोर्तुगीज आहेत हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मते परक्या शब्दाला नागरिकत्व द्यायचं की नाही हे व्याकरण ठरवतं. बादलीच्या 'बादल्या' झाल्या, 'बादलीत' पाणी आलं, म्हणजे बादली आपली. आपल्याकडचा शेतकरी 'मोटरीले पाणी नाई' म्हणतो, 'मोटरी जयल्या' म्हणतो, म्हणजे मोटरही आपली. शब्दानं मराठी विभक्तीची दावण गळ्यात घालून घेतली की सर त्याला हाकलत नाहीत. दारात घुटमळणाऱ्यांवर मात्र त्यांची काठी.

सरांचा अभिमानाचा विषय म्हणजे राजव्यवहारकोश. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथ पंडितांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि आपण पडलो जिजाऊंच्या माहेरचे, सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा पर्याय देणं हे बुलडाणा जिल्ह्याचं आजोळच्या नात्यानं येणारं कर्तव्य आहे, असा त्यांचा हिशोब. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, १६७४ च्या राज्याभिषेकाला पेशव्याचा मुख्य प्रधान केला, मजुमदाराचा अमात्य केला, सुरनिसाचा सचिव केला. सचिव आज मंत्रालयात बसतो, मान्य. पण मुख्य प्रधानाला पुढं लोक काय म्हणत राहिले? पेशवाच ना?" सर बराच वेळ लाल पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, "तीनात दोन आले. काही वाईट टक्का नाही."

टक्का खरोखर वाईट नाही. सावरकरांचे दिनांक, क्रमांक, महापौर आज इतके अंगवळणी पडलेत की ते कोणी घडवले हे शोधावं लागतं. पेपरवाले 'भारनियमन' लिहितात आणि लोक ते वाचतात, भले तोंडानं 'लोडशेडिंग' म्हणोत. एसटीनं कंडक्टरला 'वाहक' केलं, डेपोला 'आगार' केलं. वाहकावरून सरांच्या वर्गात झालेला गोंधळ मात्र गावभर माहीत आहे. भौतिकशास्त्रातही कंडक्टर म्हणजे वाहक, आणि सेमीकंडक्टर म्हणजे अर्धवाहक. सरांनी अर्धवाहक फळ्यावर लिहिलं तसं मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, अर्ध्या तिकिटाचा कंडक्टर का?" आता सरांचंच एसटीत अर्धं तिकीट लागतं, आणि दर वेळी ते हा किस्सा त्या वाहकाला सांगतात.

कुठे भाषांतर करायचं नाही हेही त्यांना ठाऊक आहे. लोणारला शाळेची सहल नेली की विवराच्या काठावर उभं राहून ते पोरांना बजावत, आकाशात जळून जाते ती उल्का, जमिनीवर येऊन आदळतो तो अशनी. लोणारला आदळला तो अशनी, तेव्हा उगाच उल्का-उल्का करू नका. इथवर मराठीचा थाट. पण त्या धडकेच्या दाबानं बेसॉल्टातल्या खनिजाची जी काच झाली तिला ते मॅस्केलिनाइटच म्हणत. मॅस्केलीन हे माणसाचं नाव आहे, आणि माणसाच्या नावाला पर्याय नसतो. १९६१ साली केंद्रानं नेमलेल्या शब्दावली आयोगाचाही हाच दंडक: माणसांवरून आलेली नावं, मापनाची एककं, मूलद्रव्यं आणि संयुगं जशीच्या तशी घ्या, कल्पनांना मात्र आपला शब्द द्या. या नियमाची झेरॉक्स सरांच्या कोशात खूण म्हणून असते. झेरॉक्सला ते 'छायाप्रत' म्हणतात, दुकानदार 'काय?' म्हणतो, मग सर बोटानं मशीन दाखवतात.

तर असे सर, आणि असा मी, आणि त्यात आलं ते पत्रक.

तालुक्यातला एक विक्रेता शेतीपंपाचे स्टार्टर आणि ठिबकचं सामान विकायचा. त्याला स्टार्टरबरोबर द्यायला चार पानी मराठी माहितीपत्रक हवं होतं, हजार प्रती. मूळ इंग्रजी. भाषांतराचे पैसे वाचावेत म्हणून मी सरांकडे बघितलं, आणि सरांच्या डोळ्यांत राजव्यवहारकोश दिसला.

तीन दिवसांत भाषांतर तयार. फेजला 'कला', कारण चंद्राच्या कला तशा विजेच्याही. करंटला 'विद्युत धारा'. फ्यूजला 'वितळतार'. रिलेला काय म्हणावं यावर सरांनी एक अख्खी रात्र घालवली आणि सकाळी उजळलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, "निरोप्या. जादा धारा आली हा निरोप जो पुढे देतो तो." ते म्हणाले, मराठी विकिपीडियानं बॉटला 'सांगकाम्या' म्हटलं, कच्चं लिहून बघायच्या जागेला 'धूळपाटी' म्हटलं, म्हणजे शब्द घडवायचा नाही, अडगळीतला काढून पुसून द्यायचा. मला तर निरोप्या फार आवडला. आजही आवडतो.

आणि व्होल्टेजला त्यांनी लिहिलं 'विद्युत दाब'. यात चूक काही नाही. वीजवाल्यांच्या पाट्यांवर उच्चदाब वाहिनी असते, पेपरात 'कमी दाबानं वीजपुरवठा' असतो. पण चौथी ओळ एका शब्दानं खाली उतरत होती. ओळीत एकच शब्द लोंबकळत राहिला की डीटीपीवाल्याला जेवण जात नाही. मी म्हणालो, "सर, यातलं 'विद्युत' काढू का? वर एकदा येऊन गेलंय." सर म्हणाले, "काढ. दाब म्हटलं की पुरे." ओळ झाली: 'पंप चालू असताना दाब कमी झाल्यास पंप तात्काळ बंद करावा.' काय देखणी बसली होती ती ओळ.

तिसऱ्या पानावर ठिबकची माहिती होती. तिथं पाण्याच्या प्रेशरलाही अर्थातच 'दाब' होतं. तेही बरोबर. दोन्ही शास्त्रांत दोन्ही शब्द बरोबर, कोशात दोघंही आपापल्या पानावर सुखानं नांदतात. एका पत्रकात शेजारी राहायला आले आणि घोळ झाला.

रब्बीचे दिवस. एका शेतकऱ्यानं नवीन स्टार्टर बसवला, पत्रक वाचलं. आपल्याकडे कागद वाचणारा माणूस मिळणं कठीण. हा मिळाला, आणि नेमका हाच मिळाला. संध्याकाळी लाइट आली, हरभऱ्याला ठिबक सोडलं आणि हा गडी फिल्टरजवळच्या प्रेशर गेजसमोर बसून राहिला. काटा सव्वा किलोवर. दाब कमी झाल्यास बंद करावा. दाब कमी होतच नव्हता. तिकडं पेटीवरच्या व्होल्टमीटरचा काटा ४१५ वरून घसरत ३२० वर आला होता. तिकडं कोण बघतो?

मोटरीचा स्वभाव इथं समजून घ्यायला हवा, नाहीतर सगळा दोष शब्दावर जाईल. व्होल्टेज उतरलं म्हणून शेतीपंपाची मोटर लगेच हळू फिरत नाही. वेग थोडासाच पडतो, पाणी जवळपास तेवढंच येतं, गेजचा काटा हलल्यासारखा वाटत नाही. पण तेवढंच काम कमी व्होल्टेजवर करायचं म्हणून ती करंट जास्त ओढते. करंट दीडपट झाला तर तारेतली उष्णता सव्वादोनपट होते. वायंडिंगच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, तो भाजतो, तारेला तार लागते, संपलं. हे होऊ नये म्हणून तर स्टार्टरमध्ये रिले असतो. पाच एचपीच्या मोटरीला साडेसात अँपिअरच्या आसपास करंट पुरतो, रिलेची चकती तिथंच लावायची. पण बसवणाऱ्यानं 'सारखा ट्रिप नको व्हायला' म्हणून ती बारावर नेऊन ठेवली होती. सरांच्या निरोप्याला निरोप देण्याइतकं काही झालंच नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिघं आले. शेतकरी, वायंडिंगवाला, आणि पिशवीत मोटरीचं काळं पडलेलं वायंडिंग. दुकानभर जळक्या वार्निशचा वास. सर कोपऱ्यात चहा घेत होते.

शेतकरी भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, तुमीच लिवलं ना दाब पाहा म्हनून? म्या रातभर पायला. दाब बराबर होता. मंग मोटर काऊन जयली?"

सरांचा उजवा हात वर गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे पर्याय नव्हता. मीही स्क्रीनकडे बघत बसलो, कारण 'विद्युत' मी उडवलं होतं.

रिवाइंडिंगचे पैसे सरांनी दिले. पेन्शनमधून. शेतकऱ्यानं आधी नको म्हटलं, मग निम्मे घेतले, आणि पीक निघाल्यावर तेवढ्या पैशांचा हरभरा आणून दिला.

त्यानंतर सरांनी जे केलं त्यासाठी मी हे व्यक्तिचित्र लिहितोय. त्यांनी त्या वायंडिंगवाल्यालाच दुकानात बोलावलं. टेबलावर उघडा स्टार्टर ठेवला आणि त्याला म्हणाले, "मी एकेक ओळ वाचतो. तू काही बोलू नको, फक्त हात लाव. तुझा हात चुकीच्या जागी गेला तर शब्द माझा चुकला."

पहिली वाचली ती चौथी ओळ, 'दाब'. त्याचा हात स्टार्टरकडे गेलाच नाही, दाराकडं गेला. म्हणाला, "दाब वावरात हाये, सर." सरांनी स्वतःच्या हातानं 'व्होल्टेज' लिहिलं. लिहिता लिहिता मला समजावलं, जणू मीच विरोध करत होतो: "व्होल्टा माणूस आहे, म्हणून व्होल्ट तसाच. डायलवर V छापलाय. व्होल्ट, व्होल्टेज, व्होल्टमीटर, एका घरचे तिघं. याला इथं तिघंही समोर दिसतात. पण दहावीच्या पुस्तकातलं विभवांतर मी काढू देणार नाही हं." का नाही, असं विचारायची चूक मी केली. मग अर्धा तास. मुद्दा असा की शाळेत पोराला वस्तू विकत आणायची नसते, कल्पनांचं कूळ समजून घ्यायचं असतं. रोध म्हटलं की रोधक, रोधकता आपोआप उलगडतात, अडवणं हा अर्थ तिघांच्या पोटात असतो. रेझिस्टन्स, रेझिस्टर, रेझिस्टिव्हिटी हे तीन धोंडे वेगवेगळे पाठ करावे लागतात. "धातू आपला असेल तर शब्द वितळतो," सर म्हणाले. ठिबकच्या वेळी वायंडिंगवाल्यानं मान वरही केली नाही, कारण ठिबकणं हे घराच्या वळचणीपासून सगळ्यांच्या कानातलं.

'कला' वाचल्यावर तो गालातल्या गालात हसला आणि तिसऱ्या वाचनाला त्यानं तीन तारांना हात लावला. तरी सरांनी 'फेज' केलं. हात बरोबर गेला होता, पण उशिरा गेला होता. आणि जिथं तीन तारांत वीज आहे तिथं उशिराही नको.

अर्थिंगवर मात्र सर अडून बसले. देवनागरीत 'अर्थ वायर' लिहिलं की ती पैशाची तार वाटते, नाहीतर मथितार्थाची. भूसंपर्क तार हाच शब्द राहील! वायंडिंगवाला म्हणाला, "सर, 'अर्थिंग' म्हना ना. नुसतं अर्थ कोन म्हनते? अर्थिंगची तार." सरांनी मनातल्या मनात विभक्ती लावून बघितली. अर्थिंगची, अर्थिंगला, अर्थिंगात. लागत होती. नागरिकत्व दिलं. पहिल्यांदा येईल तिथं 'जमिनीत सोडलेली' एवढं जोडायचं ठरलं.

मग निरोप्या. सर ओळ वाचताना जरा सावकाश वाचत होते, मला कळत होतं. वायंडिंगवाल्याचा हात हवेत. "निरोप्या? म्हंजे लग्नाच्या पत्रिका वाटनारा?" सरांनी अर्थ सांगितला. त्याला पटला. चांगला वाटला. मग त्यानं एकच विचारलं, "पन सर, हा जयला तर मी दुकानात जाऊन काय मागू?"

याला उत्तर नाही. जी वस्तू काउंटरवर मागायची तिचं नाव काउंटरवरचंच हवं. सरांनी 'रिले' लिहिलं. त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं, म्हणून मी सुचवलं की नाव रिले ठेवू, पण काम सांगताना तुमचा शब्द वापरू. तशी ती ओळ आज आहे: 'मोटर जादा करंट ओढू लागली की रिले तसा निरोप देतो आणि स्टार्टर मोटर बंद करतो.' वायंडिंगवाला म्हणाला, हे कोनालेबी समजन.

आतल्या बायमेटल पट्टीच्या जागी 'दोन धातूंची पट्टी' राहिली, ती सुटी कोणी विकत घेत नाही म्हणून. हा सरांचा एकमेव निर्विवाद विजय, आणि तो त्यांनी चहा सांगून साजरा केला. शेवटी व्हॉल्व्हवरून मी पकडला गेलो: चार पानांत मी तो व्हॉल्व, वाल्व्ह, वॉल आणि एके ठिकाणी चक्क वाल असा चार तऱ्हेनं टाइप केला होता. सर म्हणाले, "वाल आपण उसळीला ठेवू. इंग्रजी शब्द घ्यायचाच तर निदान एकाच रूपात घे, नाहीतर शोधणाऱ्याला चार वस्तू वाटतात." लिप्यंतर केलं म्हणजे काम संपलं, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

दुसरी आवृत्ती निघाली. सर अजून अकराला येतात, रिसेप्शन खोडतात. फरक एवढाच की आता लाल पेन उघडण्याआधी विचारतात, "हे वाचून कोण कशाला हात लावणार आहे?" लग्नपत्रिकेला हा प्रश्न लागू नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "म्हणूनच तिथं मी मोकळा आहे."

पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रतींपैकी दोनशेवर वाटल्या गेल्या आहेत आणि त्या परत आलेल्या नाहीत. तुमच्या स्टार्टरच्या पेटीत असं चार पानी पत्रक असेल, तर पहिल्या पानावर चौथ्या ओळीतला 'दाब' खोडून तिथं 'व्होल्टेज' लिहा. आणि पेटी उघडलीच आहे तर मेन बंद करून रिलेची चकती कितीवर आहे तेही बघून घ्या.